पळताना कॉल घ्यायचे तर बोन कंडक्शन की कानात बसणारे इअरबड्स?

पहाटफेरी: रोज सकाळी रस्त्याच्या कडेने पळते, त्यातच ऑफिसचे कॉल येतात. मागून येणारी गाडी कळायला हवी आणि बोलणंही नीट व्हायला हवं. काय घेऊ?

सूर_सच्चा: इअरबड्स. आता चांगल्या बड्समध्ये बाहेरचा आवाज आत घेणारा ट्रान्सपरन्सी मोड असतो. बोन कंडक्शनवर तबल्याचा बायाँ ऐकून बघा, घुमाराच उरत नाही. आवाज वाढवला की गालावर नुसत्या गुदगुल्या होतात.

कानाडोळा_नको: गाण्यांबद्दल मान्य, पण त्या पळताहेत. बड्सनी कान घट्ट बंद झाला की प्रत्येक पाऊल डोक्यात धपधप वाजतं आणि कॉलवर स्वतःचाच आवाज घुमतो. वारा सुटला की ट्रान्सपरन्सीचे माइक त्याची घरघर थेट कानात ओततात. बोन कंडक्शनमध्ये कान उघडाच राहतो, त्यामुळे गाडी कोणत्या बाजूने येतेय हेही स्वाभाविकपणे कळतं.

मॅरेथॉनमामा: शिवाय आवाज हाडातून जातो, पडद्याला धक्का नाही. कितीही मोठा ठेवा, कान सुरक्षित!

कानाडोळा_नको: मामा, पडदा टळतो हे खरं, पण आवाज शेवटी त्याच आतल्या कानात पोचतो आणि झीज तिथल्या नाजूक पेशींची होते. खरी अडचण इथेच आहे. शेजारून बस गेली की तिच्या आवाजात समोरच्याचं बोलणं बुडतं आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. अशा वेळी फुटपाथवर थांबून दोन्ही कान बोटांनी बंद करून बघा. तोच व्हॉल्यूम एकदम भरदार लागतो, कारण बाहेरचा गोंगाट अडतो आणि कान बंद झाल्याने खर्जही वाढतो. म्हणून गजबजलेल्या चौकात आवाज वाढवण्यापेक्षा 'नंतर बोलते' म्हणावं.

सांगलीकर: माझ्या वडिलांना कमी ऐकू येतं. त्यांना हे चालेल का?

कानाडोळा_नको: दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असेल तर उपयोग होऊ शकतो; आतल्या कानाचा किंवा नसेचा असेल तर फारसा नाही. ऑडिओमेट्रीत हवेतून आणि हाडातून असं वेगवेगळं ऐकणं तपासतात, त्या रिपोर्टवरून डॉक्टर सांगतील. आधी तपासणी करून घ्या.

सूर_सच्चा: आणि पलीकडच्याला आपण कसे ऐकू जातो त्याचं काय? बहुतेक बोन कंडक्शन हेडफोनचा माइक साधाच, हवेतून आवाज घेणारा असतो. उलट काही इअरबड्समध्येच बोलताना होणारी कंपनं टिपणारा सेन्सर असतो. कॉल हीच गरज असेल तर मी अजूनही बड्सच म्हणेन.

कानाडोळा_नको: हा मुद्दा बिनतोड आहे. तोंडापाशी येणाऱ्या दांडीच्या माइकचं बोन कंडक्शन मिळतं, पण पळताना ती दांडी सगळ्यांना सोसत नाही.

पहाटफेरी: माझे कॉल बहुतेक ऐकण्याचेच असतात, बोलणं थोडं. चष्मा आहे, त्याची काडी आणि हा पट्टा कानावर एकत्र बसतात का?

मॅरेथॉनमामा: मला टोचतात. बायकोला अजिबात नाही. दुकानात चष्म्यासकट घालून, मान वळवून बघा.