अनुभव धागा: प्रेम जडतं, शरीराची ओढ नाही, स्थळ बघताना हे ओळखायचं कसं?

रेवती, सांगली: एक उदाहरण घेऊ. मुलगी मिरजेची, मुलगा कराडचा, दोनदा भेट झालीय. ती त्याच्या मेसेजची वाट बघते, दिवसभरातलं सगळं आधी त्यालाच सांगावंसं वाटतं, तो दुसऱ्या मुलीबद्दल बोलला की जीव खालीवर होतो. हात धरलेला आवडतो. त्यापुढचं मनातच येत नाही. घरचे तारीख ठरवायच्या गडबडीत आहेत.

संभाजी, सातारा: आधी हार्मोन तपासा. रिपोर्टमध्ये काय ते कळेल.

अनघा, वाई: दादा, निम्मं बरोबर आहे. पूर्वी ओढ होती आणि अचानक गेली, किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, तर डॉक्टरांना दाखवावंच. पण रिपोर्ट फार तर कामेच्छेबद्दल काही सांगेल. ती कोणा माणसाकडे वळते का, हा वेगळा प्रश्न. ज्यांना कोणाबद्दलच शरीराची ओढ वाटत नाही त्यांना एसेक्शुअल म्हणतात; कामेच्छा असूनही ती कोणाकडेच वळत नाही, असे लोक त्यांच्यात पुष्कळ आहेत. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या २०१३ च्या पुस्तकातही, जी व्यक्ती स्वतःला एसेक्शुअल म्हणवते तिला कमी कामेच्छेच्या आजाराचं निदान लावू नये, असं लिहिलंय.
त्या मुलीनं स्वतःला एवढंच विचारावं: तो म्हणाला, ‘आपण आयुष्यभर एकत्र राहू, शरीरसंबंध कधीच नको’, तर काय वाटेल? हुरहुर, की सुटका? आणि तो म्हणाला, ‘आपण नुसते मित्र राहू’, तर? पहिल्यावर सुटका आणि दुसऱ्यावर काळीज तुटलं, तर दोन ओढी वेगळ्या आहेत असं धरायला जागा आहे. फक्त, सुटका भीतीमुळेही वाटते. वयात आल्यापासून सगळ्यांच्याच बाबतीत असं आहे, की याच मुलाबाबत, हे तपासावं.

गणेश, विटा: माझं उलटं आहे. शरीराची ओढ वाटते, प्रेमात मात्र पडत नाही. घरचे म्हणतात लग्नानंतर जमेल.

अनघा, वाई: याला अरोमँटिक म्हणतात. माया, काळजी, मैत्री यांचा त्याच्याशी संबंध नाही, ती भरपूर असू शकते. पण समोरची प्रेमाची वाट बघत बसेल, म्हणून आधी सांगा.

मंदार, इस्लामपूर: सांगणं कायद्याच्या बाजूनंही बरं. समर घोष खटल्यात (२००७) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की सबळ कारण नसताना एकानं दीर्घकाळ संबंध नाकारणं ही मानसिक क्रूरता, म्हणजे घटस्फोटाचं कारण, ठरू शकते. मुलीनं साखरपुड्याआधी एकट्यात, साध्या शब्दांत बोलावं: ‘तू मला आवडतोस, पण शरीरसंबंधांची ओढ मला वाटत नाही. तुला ते किती महत्त्वाचे आहेत?’ मूल हवं का, हेही तेव्हाच.

श्रद्धा, कोरेगाव: संन्यास घ्यायचा असेल तर लग्नच कशाला?

रेवती, सांगली: ताई, तिला संसार हवाय. ब्रह्मचर्य ठरवून पाळतात, हे ठरवलेलं नाही.

निखिल, तासगाव: दोन ओढींची ही वेगळी वाटणी सगळ्यांना लागू पडत नाही. काही एसेक्शुअल लोकांना मैत्री कुठं संपते नि प्रेम कुठं सुरू होतं तेच उमगत नाही. अनघाताई, त्यांना तुमचा दुसरा प्रश्न कसा उपयोगी पडणार?

अनघा, वाई: नाही पडत. त्यांच्यासाठी माझ्याकडे तितका सरळ प्रश्न नाही.