मदत हवी आहे: लग्नानंतर नावात एक जादा I घालायचा का?

अश्विनी_पुणे:
फेब्रुवारीत लग्न झालं. सासूबाईंच्या ओळखीत एक अंकशास्त्र बघणाऱ्या बाई आहेत. त्यांनी आमच्या जन्मतारखा घेतल्या (माझी 14, ह्यांची 27) आणि म्हणाल्या, ASHWINI ची बेरीज 22 म्हणजे 4 येते. तो ना माझ्या मूलांक 5 ला जुळतो, ना ह्यांच्या 9 ला, म्हणून घरात कुरबुरी होतील. उपाय काय, तर ASHWINII लिहायचं. मग 23, म्हणजे 5.

एका साइटवर ताडून पाहिलं तर तिथे 38 आलं, म्हणजे 11, म्हणजे 2. जादा I घालून 47, पुन्हा 2! खरं कोणतं? आधारवर आडनाव बदलायचंच आहे, तर हे सोबतच उरकावं का?

कोकणचा_माणूस:
साइट पायथागोरसच्या पद्धतीने मोजते, ती चूक. आपल्याकडे खाल्डियन चालते. आणि 5 म्हणजे बुध, तो सगळ्यांशी जमवून घेतो. बिनधास्त करा.

सुमनताई_सातारा:
पत्रिका जुळवली होती का? गुण किती आले? एकनाड असेल तर स्पेलिंगने काही होत नाही हो.

अश्विनी_पुणे:
ताई, पत्रिका छान जुळली होती, 26 गुण. प्रश्न फक्त नावाच्या स्पेलिंगचा आहे.

अंकमित्र:
बरीच वर्षं हा विषय वाचतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साइटची पद्धत चुकीची नाही, वेगळी आहे. तिच्यात I ला 9 मिळतात. कुठल्याही संख्येत 9 मिळवले की एकेरी अंक तोच राहतो, म्हणून तुमचा 2 हलला नाही. खाल्डियनमध्ये I ला 1 आहे, म्हणून 4 चा 5 झाला. जादा I हा उपाय दुसऱ्या पद्धतीत मुळी उपायच नाही.

खाल्डियनवालेही नुसता एकेरी अंक बघत नाहीत. अंकशास्त्रावर पुस्तकं लिहिणाऱ्या कीरोच्या मांडणीत 22 हा भ्रमात राहणाऱ्या भल्या माणसाचा आकडा, तर 23 फार शुभ. तुमच्या बाईंनी बहुधा तेवढ्यासाठीच 23 गाठलाय.

आता सुसंवादाचं. 4 म्हणजे राहू आणि 9 म्हणजे मंगळ, ही जोडी भांडकुदळ मानतात. पण ‘5 सगळ्यांशी जमतो’ हे कोकणचा_माणूस यांचं म्हणणं अर्धंच. ज्योतिषातली नैसर्गिक मैत्री लावली तर बुध मंगळाला सम मानतो, मंगळ मात्र बुधाला शत्रू. तुमचा मूलांकच 5, नाव 5 केलं तर नवऱ्याच्या 9 समोर दोन बुध! काही जण ग्रहमैत्री लावतात, काही कीरोचे गट. उत्तर त्यावर बदलतं.

आणि पूर्ण नाव मोजलं का? लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदललं, तिथेच बेरीज फिरली.

अश्विनी_पुणे:
नाही मोजलं. नावं इथे लिहीत नाही, पण बाईंच्याच तक्त्याने ह्यांच्या नावाचे 18 आणि आडनावाचे 11 होतात.

अंकमित्र:
मग 22 + 18 + 11 = 51. कीरोकडे हा चांगला, योद्ध्याचा आकडा. जादा I घातला की 52, आणि 52 चं फळ तो 43 सारखंच देतो: उलथापालथ, कलह. पहिलं नाव सुधारलं आणि पूर्ण नाव बिघडलं. बाईंना हे जरूर विचारा.

पूजा_ठाणे:
माझं PUJA चं POOJA केलं होतं, 16 वरून 24. संसार चांगला चाललाय, पण नावामुळे की काय, देव जाणे. कागदांचा मात्र वैताग. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर आडनाव बदलून मिळतं, कारण नवऱ्याचं नाव त्यात असतं. पहिल्या नावातल्या जादा अक्षराला त्यात काही आधार नाही, त्यासाठी राजपत्रात नाव छापून आणावं लागलं. मार्कशीट जुन्याच स्पेलिंगची. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी तुमची आडनावालाच जाणार. जादा I नंतर काढावासा वाटला तर?

कोकणचा_माणूस:
मग कागदांना हातच लावू नका. सही आणि व्हॉट्सअॅपवर ASHWINII लिहा.

अंकमित्र:
हे चालण्यासारखं आहे. ज्या नावाने माणूस जास्त ओळखला जातो तेच मोजावं, असं कीरोही सांगतो. फक्त बँकेतली सही बदलू नका, चेक परत येईल.

अश्विनी_पुणे:
आधारवर फक्त आडनाव आणि मधलं नाव बदलतेय. बाईंना 52 बद्दल विचारलं, तर म्हणाल्या, ‘मग आडनावातही एक A वाढवा, 53 होईल.’ म्हणजे ह्यांचं आडनाव वेगळं आणि माझं वेगळं? सासूबाई आता ह्यांनाही A लावायला सांगताहेत.

अंकमित्र:
53 चं फळ त्यांनी कुठून काढलं ते विचारा. कीरोची यादी 52 वर संपते. आणि तुमच्या यजमानांची बेरीज?

अश्विनी_पुणे:
ती अजून कुणी केलीच नाही.