‘सीपी अँगल ब्लंट’ला मराठीत काय म्हणायचं?

नार्वेकर, डिचोली: मामांच्या एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘डावा सीपी अँगल ब्लंट’ असं आहे. घरात सगळे ‘फुप्फुसात पाणी झालंय’ म्हणतायत. बरोबर आहे का? आणि मराठी शब्द कोणता?

बाबू, पेडणे: कोन बोथट झाला, आणखी काय! पाणी जड, फुप्फुसाच्या तळाशी बसतं.

सरोजताई, फोंडा: खाली बसतं हे खरं बाबू, पण फुप्फुसाच्या आत नव्हे, बाहेर. आवरणाला दोन पदर. एक फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांना आतून लागलेला, आणि तो फुप्फुसाच्या कडेपेक्षा दोनेक बरगड्या खाली उतरतो. काखेच्या मध्यातून सरळ खाली बोट न्या. शांत श्वासात फुप्फुस 8व्या बरगडीशी संपतं, आवरण 10व्या बरगडीशी. मधल्या पट्ट्यात फुप्फुस नाहीच. बरगडीकडचा पदर श्वासपटलावरच्या पदराला टेकलेला असतो. बरगड्या आणि श्वासपटल यांच्यातला हा कोन म्हणजेच सीपी अँगल. दीर्घ श्वास घेतला की फुप्फुस तिथे थोडं उतरतं. बसलेल्या माणसात हीच सगळ्यात खालची जागा, म्हणून पाणी आधी तिथे. मागच्या बाजूला ही खाच आणखी खोल जाते, त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत कोन बुजेपर्यंत साधारण 200 मिली साचलेलं असतं. बाजूने काढलेल्यात 50च्या आसपासही दिसतं.

सुलभा, म्हापसा: बाबांना खोकल्यातून खूप बेडका पडायचा, तेच का हे? त्यांचं पाणी पाठीतून सुई घालून काढलं होतं. सगळ्यात खालून का नाही काढलं?

सरोजताई: बेडका श्वासनलिकांमधला, त्याचा याच्याशी संबंध नाही. अगदी खालून टोचलं तर सुई श्वासपटल भेदून उजवीकडे यकृतात, डावीकडे प्लीहेत जाऊ शकते. शिवाय सुई नेहमी बरगडीच्या वरच्या काठाला लगटून घालतात, कारण खालच्या काठाखालून रक्तवाहिन्या आणि नस जाते. आता सोनोग्राफीत बघूनच जागा ठरवतात.

नार्वेकर: मामांचा फोटो मात्र खाटेवर झोपवून काढलाय.

सरोजताई: मग जपून वाचा. आडवं झाल्यावर पाणी पाठीकडे पसरतं, पुष्कळ असूनही कोन टोकदार दिसू शकतो आणि त्या बाजूला नुसता धुरकटपणा येतो. तरीही कोन बुजलाय, म्हणजे पाणी बरंच असेल, नाहीतर जुन्या आजारात तिथले पदर चिकटलेले. मामांना पूर्वी टीबी झाली होती का? जुना एक्स-रे असेल तर शेजारी ठेवून बघायला सांगा. नसेल तर सोनोग्राफी.

नार्वेकर: टीबी झाली होती, लग्नाआधी. जुना फोटो कुठला मिळायला!

बाबू, पेडणे: म्हणजे ‘फुप्फुसाभोवती पाणी’ म्हणावं. पण त्या जागेला ‘खाच’ नको हां, ‘कप्पा’ बरा.

सरोजताई: कप्पा म्हटलं की लोकांना ती रिकामी पोकळी वाटते, आणि पाणी नसताना तिथे पोकळी नसतेच. मी ‘खाच’च म्हणणार.

बाबू, पेडणे: आणि मी ‘कप्पा’.