उत्तर: किड्स अ‍ॅपमधला सर्च
“यूट्यूब किड्स टाकलं तरी पोरगा सर्च करून भलतंच लावतो”

मग वयोगट बदलून भागणार नाही, सेटिंगमध्ये मुलाच्या प्रोफाइलला Approved content only करा, त्यात सर्च बंदच होतो आणि तुम्ही निवडलेले चॅनल नि व्हिडिओच दिसतात. आमच्याकडे मालवणात दुपारी आजी अंगणात सोलं वाळत घालते तेव्हा भाचीकडे मोबाईल असतो, तिला हेच लावून दिलंय. चॅनल अख्खा देण्याआधी त्याचे चार-पाच व्हिडिओ शेवटपर्यंत बघाच, किंवा सुट्टे व्हिडिओच निवडा. आणि हो, पालकांचं लॉक म्हणजे नुसता गुणाकार असतो, पाढे येणारं पोर तो सहज सोडवतं, तिथे स्वतःचा पासकोड टाका. साधं यूट्यूब आणि ब्राउझरही बंद करा, नाहीतर पोर तिकडून जातं.