डेटाबेससाठी रेड ५ पुरे की रेड १० हवे?

सातपूरकर: आमच्या कारखान्यात ४ टीबीच्या ६ फिरत्या डिस्कवर लिनक्सचे सॉफ्टवेअर रेड ५ करून पोस्टग्रेस चालवतो. पाळी बदलताना सर्व यंत्रांच्या नोंदी एकदम येतात आणि यंत्रणा रेंगाळते. रेड १० केल्यास २० टीबीऐवजी १२ टीबीच उरतील. तरीही ते करावे का?

गंगापूर रोड: माझे मत रेड १०च्या बाजूने आहे. रेड ५मध्ये एक छोटी नोंद बदलायची, तर जुना डेटा आणि जुनी पॅरिटी आधी वाचावी लागते, मग दोन्ही नव्याने लिहावी लागतात, म्हणजे एका लेखनासाठी डिस्कला चार खेपा होतात. मिररिंगमध्ये दोनच होतात. एक डिस्क सेकंदाला १५० खेपा करते असे धरले, तर सहांच्या ९०० होतात आणि त्यांत रेड ५वर २२५, तर रेड १०वर ४५० लेखने बसतात. पाळी बदलताना `iostat -x 5` चालवून पाहा. `md0`वर जवळजवळ केवळ लेखन आणि खालच्या प्रत्येक डिस्कवर मात्र वाचनही दिसले, तर दुखणे हेच आहे.

अंबडकर: आमच्याकडे आठ डिस्कच्या रेड ५वर कॅमेऱ्यांचे चित्रण अहोरात्र लिहिले जाते आणि कधी अडत नाही. पॅरिटीला उगाच बदनाम करू नये.

गंगापूर रोड: चित्रण सलग लिहिले जाते. पूर्ण पट्टा एकदम भरला की पॅरिटी हातातल्या डेटावरूनच निघते, जुने काही वाचावे लागत नाही. डेटाबेसचे लेखन विखुरलेले असते.

जेल रोड: वेगाचे सोडा. साध्या डिस्कमध्ये १०^१४ बिटांमागे, म्हणजे १२.५ टीबीमागे, एक वाचनचूक धरतात. एक डिस्क गेली की उरलेल्या पाचांतून २० टीबी वाचावे लागतील, म्हणजे पुनर्बांधणी फसणारच.

गंगापूर रोड: "फसणारच" हे मला मान्य नाही. तो आकडा उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा आहे. अमुक टीबीनंतर चूक होईलच, असा त्याचा अर्थ नाही. मात्र त्या काळात दुसरी कोणतीही डिस्क गेली तर रेड ५ संपते. रेड १० फक्त गेलेल्या डिस्कची जोडीदार गेली तरच संपते, आणि पुनर्बांधणीसाठी वाचायचीही तीच एक असते.

पंचवटीकर: मी असहमत आहे. पाळी बदलताना येतो तो थोड्या वेळाचा लोंढा. बॅटरी असलेल्या कंट्रोलरची कॅशे तो झेलेल आणि २० टीबीही राहतील.

गंगापूर रोड: लोंढा लहान असेल तर झेलेल, हे खरे. पण बॅटरी थकली की बहुतेक कंट्रोलर कॅशे बाजूला ठेवून थेट डिस्कवर लिहू लागतात, आणि त्या दिवशी वेग अचानक का पडला हे कोणालाच कळत नाही. शिवाय सध्याच्या मांडणीत डेटा लिहून झाल्यावर पण पॅरिटी लिहिण्याआधी वीज गेली, तर पुढे डिस्क बिघडल्यावर त्याच पट्ट्यातला, ज्याला कोणी हातही लावला नव्हता, असा डेटा चुकीचा उभा राहू शकतो. पोस्टग्रेसचे `full_page_writes` त्याला वाचवत नाही, कारण ते पान त्या वेळी बदललेलेच नसते.

पंचवटीकर: तो धोका बॅटरीवाला कंट्रोलर बहुतांशी मिटवतो. बॅटरीवर लक्ष ठेवणे हे देखभालीचे काम आहे. त्यासाठी ८ टीबी सोडणे मला पटत नाही.

सातपूरकर: आत्ता मोजले. प्रत्येक डिस्कवर वाचन आणि लेखन जवळजवळ सारखेच दिसले. डेटाबेस ३ टीबीचा आहे. उरलेल्या जागेत त्याचेच बॅकअप आहेत.

गंगापूर रोड: त्याच सहा डिस्कवर? मग रेडचा निर्णय पुढच्या आठवड्यात घ्या, बॅकअप मात्र आजच दुसऱ्या यंत्रावर हलवा.