२७ टक्के कशाचे?

ग्रुप: बडोदेकर मंडळी (दांडिया बाजार आणि बाहेरगावचे)

सुधीरकाका: सर्वांनी वाचा. अल्झायमरवर औषध आलंय, लेकॅनेमॅब. हे उगाच कुठलं फॉरवर्ड नाही, कंपनीचं प्रेस रिलीज आहे. २७ टक्के फायदा. आक्कासाठी बघायला हवं.

आत्या (पुणे): देवच पावला. शंभरातले २७ बरे होतात म्हणजे काय थोडे झाले?

मेघना: काका, हे प्रेस रिलीज २७ सप्टेंबर २०२२ चं आहे. एसाय आणि बायोजेन या दोन कंपन्यांनी काढलेलं. मूळ पेपर २९ नोव्हेंबरला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला, म्हणजे मधले दोन महिने जगाकडे फक्त प्रेस रिलीजच होतं. रात्री दोन्ही शेजारी ठेवून वाचते. तोवर सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

सुधीरकाका: टाकलं.

भाऊमामा: 🙏

मेघना: बरं, वाचून झालं. आधी आत्याच्या गणिताबद्दल. २७ टक्के माणसं बरी झाली असं कुठेच नाही, प्रेस रिलीजमध्येही नाही. हे २७ टक्के ढासळण्याच्या वेगाचे आहेत. सुमारे १८०० माणसं घेतली, निम्म्यांना दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध आणि निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधाचं. १८ महिन्यांनी दोन्ही गट आधीपेक्षा खालावलेलेच होते. एक गट कमी खालावला, इतकंच.

आत्या (पुणे): कमी म्हणजे किती?

मेघना: मोजपट्टी आधी सांगते. डॉक्टर रुग्णाशी आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाशी बोलून सहा गोष्टींना गुण देतात: स्मरण, दिवस आणि ठिकाणाचं भान, निर्णय घेणं, बाहेरचे व्यवहार, घरकाम आणि छंद, स्वतःची निगा. प्रत्येकाला ० ते ३, एकूण १८. गुण जास्त म्हणजे अवस्था वाईट. सगळे साधारण ३.२ वर सुरू झाले. १८ महिन्यांत बिनऔषधाच्या गटाचे गुण १.६६ ने वाढले, औषधाच्या गटाचे १.२१ ने. फरक ०.४५. आता ०.४५ भागिले १.६६ करा.

भाऊमामा: ०.२७. बरोबर.

मेघना: म्हणजे २७ टक्के खरेच आहेत. पण १८ गुणांच्या पट्टीवर फरक अर्ध्या गुणापेक्षाही कमी. स्मरणाच्या रकान्यात डॉक्टर ० च्या वरचा सर्वांत लहान गुण देतात तोच अर्धा. अर्थात ही सरासरी आहे, कुणाला जास्त फायदा झाला असेल, कुणाला काहीच नाही. इतका फरक घरात जाणवतो का, यावर डॉक्टरांमध्येच वाद आहे.

सुधीरकाका: पण त्यात "हायली स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट" लिहिलंय. हायली!

मेघना: काका, मांडवीतल्या सोनाराचा काटा आठवा. दोन बांगड्यांत एका गुंजेचा फरक असला तरी तो छातीठोक सांगेल की फरक आहे. म्हणून ती बांगडी जड होत नाही. "हायली" हा शब्द फरक योगायोगाने आला नसावा, याबद्दल आहे. फरक मोठा आहे असं तो म्हणत नाही. गंमत बघा, जर्नलच्या निष्कर्षात हा शब्दच नाही. तिथे लिहिलंय की घसरण "मॉडरेटली" कमी झाली, म्हणजे माफक. त्याच वाक्यात दुष्परिणामांचा उल्लेख आहे आणि पुढच्यात अजून लांब मुदतीचे अभ्यास हवेत असं म्हटलंय.

भाऊमामा: म्हणजे कंपनीने खोटं सांगितलं?

मेघना: नाही, हे मी मुद्दाम सांगते. ०.४५ प्रेस रिलीजमध्ये आहे, मेंदूला सूज येण्याचे आकडेही आहेत. पण मथळ्यात मोठा शब्द आणि ते सगळं खाली. बातमी करणाऱ्याने मथळा उचलला, काकांनी बातमीवरून प्रेस रिलीज शोधलं आणि २७ वर थांबले. (काका, रागावू नका.)

सुधीरकाका: रागावलो नाही. सूज किती जणांना?

मेघना: स्कॅनवर सूज १२.६ टक्क्यांना, बिनऔषधाच्या गटात १.७. सूज दिसलेल्या बऱ्याच जणांना लक्षणं जाणवली नाहीत, औषध घेणाऱ्यांपैकी २.८ टक्क्यांना जाणवली. सूक्ष्म रक्तस्राव किंवा रक्ताचे डाग १७.३ टक्क्यांना, दुसरीकडे ९. शिवाय सलाइन चढवताना थंडी-तापासारखी प्रतिक्रिया चौघांपैकी साधारण एकाला.

सुमनकाकू: मेघू, आक्कांसारखी माणसं होती का त्यात?

मेघना: काकू, खरा प्रश्न तूच विचारलास. वय ५० ते ९०, त्यात आक्का बसते. पण फक्त सुरुवातीची अवस्था, आणि मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठल्याचं स्कॅनने किंवा पाठीच्या कण्यातल्या पाण्याने सिद्ध झालेलं हवं. शिवाय स्मरण आणि भान तपासणारी ३० गुणांची एक वेगळी चाचणी असते, तिच्यात गुण कमी म्हणजे अवस्था वाईट. तिच्यात २२ ते ३० असलेलेच घेतले. तू पाठवलेल्या फाइलच्या फोटोत आक्काला किती लिहिलेत?

सुमनकाकू: १४. मार्चमधले.

मेघना: मग या अभ्यासातून आक्काबद्दल काहीच कळत नाही. "तिला उपयोग नाही" हेही नाही. तिच्या अवस्थेतली माणसं घेतलीच नव्हती.

सुधीरकाका: ठीक. मग सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहू? चार ओळीत दे.

मेघना: हे बघा: "लेकॅनेमॅब हे औषध सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये आजाराचा वेग कमी करतं. १८ महिन्यांत १८ पैकी ०.४५ गुणांचा फायदा दिसला. मेंदूला सूज येऊ शकते. औषधाने मृत्यू वाढत नाहीत."

भाऊमामा: हात वर करतो. ३४ वर्षं गणित शिकवलंय. शेवटचं वाक्य कशावरून?

मेघना: दोन्ही गटांत मृत्यू जवळजवळ सारखे होते. ०.७ आणि ०.८ टक्के.

भाऊमामा: सारखे होते, एवढंच म्हण. इतक्या थोड्या मृत्यूंवरून "वाढत नाहीत" कसं म्हणशील? आणि पहिल्या ओळीतला "वेग कमी करतं" पण खटकतो. १८ महिन्यांनंतर काय होतं ते माहीत आहे का? दोन्ही गटांच्या रेषा पुढे एकमेकींपासून अजून लांब जातात, तशाच समांतर राहतात की परत मिळतात?

मेघना: या पेपरवरून नाही सांगता येत. मामा, पकडलंत. मीही प्रेस रिलीजच लिहिलं की!

आत्या (पुणे): 😂😂

मेघना: परत: "सुरुवातीच्या अल्झायमरच्या, अमायलॉइड असल्याची खात्री झालेल्या सुमारे १८०० रुग्णांच्या अभ्यासात दोन्ही गट १८ महिन्यांत खालावले. औषध घेणारे सरासरी ०.४५ गुणांनी कमी खालावले (पट्टी १८ गुणांची). मेंदूची सूज स्कॅनवर औषध घेणाऱ्यांत १२.६ टक्के, न घेणाऱ्यांत १.७ टक्के. सुरुवातीच्या पुढच्या अवस्थेतले रुग्ण या अभ्यासात नव्हते."

भाऊमामा: आता चालेल. "फायदा" काढलास ते बरं केलंस.

सुधीरकाका: २७ टक्के कुठे गेले?

मेघना: हवे असतील तर "०.४५ गुण, म्हणजे घसरणीत २७ टक्के फरक" असं लिहा. गुण आधी, टक्के मागे.

सुधीरकाका: टाकलं. सी विंगचे देसाई विचारतायत, म्हणजे औषध घ्यायचं की नाही?

मेघना: ते त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टला विचारायला सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगायला सांगा, रक्तस्रावाचे आकडे वर आहेतच.

सुमनकाकू: आपली शुक्रवारची अपॉइंटमेंट तशीच ठेवू ना?

सुधीरकाका: ठेव. मार्चची फाइल आणि मधल्या गोळ्यांची चिठ्ठी काढून ठेव. चाचणी पुन्हा करायला सांगू, १४ चे किती झालेत ते तरी बघू.