मदत हवी आहे: हॅमस्टर रात्रभर पिंजऱ्याचे गज चावते, हात लावला की चावते

सोनचाफा
नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात राहतो. माझ्या ९ वर्षांच्या लेकीसाठी तीन आठवड्यांपूर्वी सोनेरी हॅमस्टर आणली, तिचं नाव खारीक. दुकानातूनच तारेचा पिंजरा, त्यातलं छोटं गुलाबी चाक आणि लाकडाचा भुसा घेतला. भुसा बोटभर जाडीचा पसरला आहे.

दिवसभर ती कोपऱ्यात गोळा होऊन झोपते. रात्री अकराला उठते आणि दोन-अडीचपर्यंत गज चावत बसते. तो कर्रकर्र आवाज भिंतीपलीकडे जातो. चाकावर पळते तेव्हा तिची पाठ कमानीसारखी वाकते आणि डोकं मागे जातं, ते बघवत नाही. परवा लेक शाळेतून आल्यावर पाच वाजता तिला उचलायला गेली, तर बोटाला असं चावली की रक्त आलं. आता लेक पिंजऱ्याजवळ जायलाही घाबरते. आमचं काय चुकतंय? परत द्यायची वेळ आणू नका कुणी, तिचा जीव जडलाय.

पाटलांचा_बंड्या
ताई, एकटी आहे म्हणून कंटाळते ती. आमच्याकडे गिनीपिगची जोडी आहे, दोघं दिवसभर गप्पा मारल्यासारखे आवाज करत असतात. अजून एक आणा, चावणं बंद होईल.

रातराणी
बंड्या, गिनीपिगचं बरोबर आहे, त्यांना सोबत लागतेच. पण सोनेरी हॅमस्टर मोठा झाला की एकटाच राहतो. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं तर रक्त निघेपर्यंत भांडतात, एखादा मरतोही. सोनचाफा, दुकानदार कितीही म्हणाला तरी दुसरी आणू नका.

माझ्याकडे गेली आठ वर्षं हॅमस्टर आहेत, आता चौथा आहे. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला तीन गोष्टी एकमेकांत अडकलेल्या दिसतात.

पहिली, चाक. तुमची नजर अगदी बरोबर पडली, पाठ वाकणं हीच खूण. बाजूने बघा, पळताना पाठ सरळ हवी. सोनेरी हॅमस्टरला चाकाचा आतला व्यास निदान २८ सेंटीमीटर लागतो. पिंजऱ्याबरोबर येणारं चाक बहुधा याच्या निम्म्याएवढं असतं. रोज तासन्‌तास वाकून पळून मणक्याला त्रास होतो. चाकाचा पृष्ठभाग सलग हवा. तारांच्या पायऱ्यांचं चाक असेल तर फटीत पाय अडकतो.

दुसरी, बिछाना. हा प्राणी जमिनीत बीळ खणून राहणारा आहे. बोटभर भुशात खणता येत नाही, मग ती ताकद गजांवर निघते. निदान २० सेंटीमीटर खोली द्या. तिच्या पिंजऱ्याचा खालचा ट्रे एवढा उंच नसणार, म्हणून पिंजराच बदलावा लागेल.

तिसरी, पाच वाजताची वेळ. ती तुमच्या मध्यरात्रीसारखी वेळ होती तिची. गाढ झोपेतून वरून हात आला तर तिला घार झडप घालतेय असंच वाटणार. चावणं हा तिचा स्वभाव नाही.

सुतारपक्षी
दिवसा थोडं थोडं जागं ठेवलं तर रात्री झोपेल ना? आमच्या लहानग्याला आम्ही तसंच केलं होतं. चाकाच्या आवाजाला उपाय सांगतो: आसाजवळ दोन थेंब खाद्यतेल लावा, कुरकूर थांबते. बिछान्याला माझ्या वखारीतला रंध्याचा भुसा फुकट नेलात तरी चालेल.

रातराणी
दादा, तेलाचा उपाय उत्तम, मीही तेच करते. पण दिवसा उठवून तिची रात्र बदलत नाही, ती फक्त थकते, घाबरते आणि जास्त चावते. तिची वेळ तिला द्यायची आणि पिंजरा झोपण्याच्या खोलीतून बाहेर न्यायचा.

वखारीतला भुसा मात्र नको. त्यात देवदार, पाइन, सागवान, प्लायवूडची धूळ, सगळं मिसळलेलं असतं. देवदार-पाइनचा वास आणि बारीक धूळ दोन्ही तिच्या श्वासाला वाईट. सोनचाफा, तुमच्या दुकानाच्या भुशाला राळेसारखा उग्र वास येत असेल तर तोही काढा. बिनवासाचा कागदी बिछाना सर्वात सोपा. कमी पडला तर साधे बिनरंगी, बिनवासाचे टिश्यू हाताने फाडून मिसळा.

वऱ्हाडी_सोनू
कापसाबद्दल सांगतो, कुणाचं तरी वाचेल. मऊ घर होईल म्हणून मी 'हॅमस्टरसाठी' म्हणून विकतात तो कापूस आणला. त्याचे लांब धागे निघतात. एका सकाळी त्याच्या मागच्या पायाला धागा आवळला होता, पाय जांभळा पडला होता. डॉक्टरांनी पंजा काढला. जगला तो, पण ते अजून डोळ्यांसमोर येतं. फाडलं की तुकडा पडेल अशीच वस्तू आत टाका.

सोनचाफा
सर्वांचे मनापासून आभार. सोनू, वाचून पोटात गोळा आला, घरातला कापूस लगेच फेकला.

तीन फुटी, दीड फूट रुंद जुनी माशांची काचेची टाकी मिळाली. वर जाळी लावून घेतली. २८ चं चाक मागवलंय. दोन प्रश्न: एवढा कागद घालून चाक नि घर त्यात बुडेल ना? आणि लेकीने तिला हात कसा लावायचा?

रातराणी
टाकी छान मिळाली. चाक आणि घर थेट बिछान्यावर ठेवू नका, खालून बोगदा खणला की ते तिच्या अंगावर बसतं. तळापासून पाय असलेली लाकडी फळी उभी करा, त्यावर ठेवा. बिछाना भरताना हाताने दाबत जा, मधे थोडं गवत घाला, नाहीतर बोगदा ढासळतो. पूर्ण बिछाना एकदम बदलू नका. लघवीचा कोपरा तेवढा रोज काढा, बाकी जुना वास राहू द्या, तिला त्यावरच घर ओळखू येतं.

हाताचं सांगते. ती आपणहून उठून बाहेर येईल तेव्हाच सुरुवात करा. लेकीने आधी बिनवासाच्या साबणाने हात धुवायचे, चिवड्याचा वास असला तर बोट म्हणजे खाऊच. पहिले काही दिवस तळहात नुसता टाकीत ठेवायचा, त्यावर सूर्यफुलाची एक बी. उचलायचं नाही. ती हातावर चढून बी गालात भरू लागली की मग जमिनीवर मांडी घालून बसायचं, तिला एका कपात चालत येऊ द्यायचं आणि मग दोन्ही हातांच्या ओंजळीत बाजूने घ्यायचं. वरून कधीच नाही. उभं राहून धरू नये, हातातून उडी मारली तर हाडं मोडतात.

सोनचाफा
पंधरा दिवस झाले. चाकावर पाठ अगदी सरळ असते. आता ती रात्री हॉलमध्ये असते. फळीच्या खाली तिने दोन दारांचा बोगदा केलाय, एका दाराशी शेंगदाण्यांचा साठा आहे. काल साडेनऊला लेकीच्या तळहातावर बसून तिने एक बी सोलली, तिच्या मिश्या बोटांना लागत होत्या, लेक श्वास रोखून बसली होती. अजून ओंजळीत घेतलेली नाही.

गज राहिले नाहीत, पण पहाटे चारला टाकीचा एकच कोपरा, खिडकीकडचा, ती अर्धा तास खरवडते. टाकी फिरवून ठेवली तरी तोच खिडकीकडचा कोपरा. हे कशामुळे?

पाटलांचा_बंड्या
बाहेर मांजर येत असेल का? आमच्याकडे तसंच झालं होतं.

रातराणी
असू शकतं, टाकी फिरवूनही खिडकीकडेच जाते म्हणजे वास किंवा आवाज बाहेरूनच येत असणार. किंवा टाकी तिला अजून अपुरी वाटत असेल, माद्या जास्त फिरतात असा माझा अनुभव आहे. दोन रात्री टाकी आतल्या भिंतीशी ठेवून बघा आणि इथे कळवा. एकाच वेळी दोन गोष्टी बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.